फोटोत आलेला मित्र

बीड जिल्ह्यातल्या गावातली एक गोष्ट कल्पूया. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघालेल्या आईवडिलांबरोबर चौथीतला एक मुलगा दूर गेला. जानेवारीत वर्गाचा फोटो निघाला. फोटो हातात आला, तेव्हा त्याचा जिवलग दोस्त चमकला. मागच्या रांगेत, अगदी टोकाला, तो उभा होता!

फोटोग्राफरने पंधरा ऑगस्टच्या फोटोतून त्याला उचलून इथे बसवलं होतं. जागा हुशारीने निवडलेली. मागच्या रांगेत पाय झाकले जातात, त्यामुळे जमिनीवरची सावली नव्याने रंगवावी लागत नाही. डोक्याचा आकार शेजारच्या मुलांशी जुळवला, केसांची कड थोडी मऊ केली, की चेहरा सहज मिसळतो.

पण उजेड लबाडी करू देत नाही. बाकीच्यांच्या नाकाची सावली डाव्या गालावर होती, याची उजव्या. सावलीसाठी फोटो आडवा उलटवता येतो, पण मग भांग आणि शर्टाचा खिसा बाजू बदलतात, आणि दोस्त तेही ओळखतो. शिवाय सगळे स्वेटरमध्ये, हा एकटा अर्ध्या बाह्यांत.

अशा जोडकामाला माझा विरोध नाही. तो मुलगा त्याच वर्गाचा आहे. मात्र फोटोखाली तसं लिहावं. जुन्या समूहचित्रांत गैरहजर माणसाचा चेहरा कोपऱ्यात लंबगोल चौकटीत लावत. तो त्या दिवशी तिथे नव्हता आणि तरीही आपलाच होता, हे दोन्ही त्यातून पाहणाऱ्याला कळायचं.