प्रेसने डबल मारला

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात पॉवर प्रेसवर एका तरुणाची दोन बोटं तुटली. चौकशीला मी पोचलो तेव्हा सुपरवायझरने अहवाल लिहूनही ठेवला होता: 'कारण – कामगाराचा निष्काळजीपणा. उपाय – समज दिली.' अशा ओळी वाचून मला आजही संताप येतो. तो प्रेस दुसऱ्या दिवशी तसाच चालू राहिला असता.

घटनाक्रमात आधी घडलं तेवढंच मांडायचं. तरुणाने पत्रा डायमध्ये ठेवला, पेडल दाबून सोडलं, रॅम खाली येऊन वर गेला. जॉब काढायला त्याने हात आत घातला आणि पेडलवर पाय नसताना रॅम पुन्हा खाली आला. शेजारच्या हेल्परने तेच सांगितलं. मग हळूच म्हणाला, "चार दिवस झाले साहेब, प्रेस मधूनच डबल मारतोय."

मेन स्विच बंद करून, त्याला कुलूप घालून आम्ही क्लच उघडला. पेडल सोडलं की एक स्प्रिंग खिट्टीला जागेवर आणते, ती खिट्टी क्लचची पिन मागे घेते आणि रॅम वर थांबतो. ही स्प्रिंग तुटलेली होती. तुटलेलं टोक उजेडात धरलं, तर अर्धा भाग तपकिरी, गंजलेला आणि अर्धा चकचकीत. म्हणजे तडा जुना होता. त्या संध्याकाळी फक्त उरलेला भाग तुटला.

इथे थांबलो असतो, तर नवी स्प्रिंग टाकून फाईल बंद झाली असती. पण हेल्परची तक्रार तोंडीच राहिली होती. मशीन थांबवायची मुभा त्याला नव्हती आणि मेंटेनन्सवाले बिघाड झाल्यावरच येत. दुसरा प्रश्न: हात आत जाऊच कसा शकला? गार्ड रॅकवर पडला होता. तो जुन्या डायचा. नव्या डायवर तो लावला की जॉब बाहेर निघेना, म्हणून काढलेला. डाय बदलताना गार्ड तपासायचा, असं कुठेच ठरलेलं नव्हतं. मूळ कारणं ही.

मालकांना लाइट कर्टन बसवायचा होता. हात आडवा आला की मशीन थांबवणारा तो प्रकाशाचा पडदा. पण हा क्लच एकदा गुंतला की पूर्ण फेरा घेतो, मध्ये थांबत नाही. तिथे तो पडदा नुसता धीर देतो, बोट वाचवत नाही. म्हणून ठरलं ते असं: प्रत्येक डायला स्वतःचा पक्का गार्ड, फटीतून पत्रा जाईल पण बोट नाही, जॉब मागच्या घसरणीवरून खाली पडेल, डबल मारला की कोणीही स्विच बंद करून पाटी लावेल, क्लच ठरल्या तारखेला उघडला जाईल. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख लिहिली.

महिन्याने रात्रपाळीला न कळवता गेलो. तीन डायवर गार्ड होते, चौथ्याचा पुन्हा रॅकवर. घसरणीवर जॉब अडकत होता. तिचा उतार वाढवला आणि अहवालातली ती नोंद पुढच्या फेरीपर्यंत उघडीच ठेवली.