काट्यावर वाढलेले दीड किलो

क्रिएटिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यातच वजन एक-दोन किलोंनी वाढू शकते. ही चरबी नसते. क्रिएटिन स्नायूंच्या पेशींत साठते आणि सोबत पाणी आत ओढते. एखादा खेळाडू ही वाढ सहज सोडून देईल. खाण्याच्या विकारातून सावरणाऱ्यांना ते इतके सोपे नसते.

समजा, अॅनोरेक्सियातून सावरणाऱ्या एका मुलीने जिममधल्या कुणाचे ऐकून रोज 20 ग्रॅमचा 'लोडिंग' डोस सुरू केला. पाचव्या दिवशी काटा दीड किलो जास्त दाखवतो. कारण ठाऊक असूनही जुनी भीती उसळते आणि ती रात्रीचे जेवण टाळते. मला याहून गंभीर वाटतो तो उलटा धोका: तिचे खाणे कमी झालेले असते, पण पाण्यामुळे वजन टिकल्यासारखे दिसते आणि घसरण उशिरा कळते. पावडर बंद केली की काही आठवड्यांत ते पाणी उतरते. ती घट तिला सुखावली, तर तोही धोकाच.

म्हणून पोट भरून, नियमित जेवण बसेपर्यंत क्रिएटिन नकोच. पुढे डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी होकार दिला, तर लोडिंग वगळून रोज साधारण 3 ग्रॅम घेता येते. स्नायू भरायला तीन-चार आठवडे लागतात, वजन हळू सरकते. वजन करताना तिने काट्याकडे पाठ करावी, आकडा उपचार करणाऱ्यांनीच पाहावा. रक्ततपासणीआधीही क्रिएटिनचा उल्लेख करावा, कारण त्याने क्रिएटिनिन किंचित वाढून मूत्रपिंडाबद्दल नाहक शंका येऊ शकते.