न वाजलेल्या घंटेची दखल

रात्री २ वाजता सर्व्हरवर बॅकअप सुरू होतो. तो मध्येच फसला, तर निदान चुकीचा संदेश येतो. पण सर्व्हर त्या वेळी बंदच असेल, किंवा नव्या यंत्रावर जाताना वेळापत्रकातली ती ओळ टाकायची राहिली असेल, तर? काम सुरूच झालं नाही, मग तक्रार करणार कोण? आठवडे सरतात आणि गरज पडते त्या दिवशी कळतं की बॅकअपच नाही.

यावर उपाय म्हणजे उलटी पहारेदारी. काम नीट संपलं की त्यानेच दुसऱ्या यंत्रावरच्या पहारेकऱ्याला हजेरी द्यायची:

```
0 2 * * * /opt/backup.sh && curl -fsS -m 10 https://monitor.example/backup
```

यातलं `&&` फार मोलाचं आहे. बॅकअप यशस्वी झाला तरच हजेरी जाते. तिथे `;` लिहिलं, तर फसलेल्या कामाचीही हजेरी लागते.

समजा, बॅकअपला रोज ४० मिनिटं लागतात. तासाभराची सवलत दिली, तर ३ वाजेपर्यंत हजेरी न आल्यास फोन वाजतो. सवलत फार कमी ठेवली, तर खोट्या हाकांना कंटाळून माणसं फोनच बंद करतात, आणि ते मला सर्वांत घातक वाटतं. पहारेकरी त्याच सर्व्हरवर ठेवला, तर दोघे एकदमच गप्प होतात.

हजेरी आली म्हणजे फाइल शाबूत आहे असं मात्र नाही. महिन्यातून एकदा तरी बॅकअप उघडून पाहा.