तळाशी बसलेलं इन्सुलिन

‘30/70’ लिहिलेलं इन्सुलिनचं कार्ट्रिज रात्रभर उभं ठेवलं, तर सकाळी वर पाण्यासारखा थर दिसतो आणि खाली पांढरा गाळ. हा गाळ म्हणजेच औषधाचा मोठा हिस्सा. डेन्मार्कच्या हागेडोर्न यांच्या प्रयोगशाळेत 1946 साली प्रोटामीन नावाच्या प्रथिनाशी जोडून इन्सुलिनचे बारीक स्फटिक तयार झाले. ते त्वचेखाली सावकाश विरघळतात, म्हणून त्यांचा असर तासन्‌तास टिकतो. पण स्फटिक जड, ते खाली बसणारच.

समजा डोस 20 युनिटचा आहे. त्यात 6 युनिट लवकर काम करणारं आणि 14 युनिट हळू काम करणारं इन्सुलिन हवं. पेन न हलवता वरचं निवळ पाणीच गेलं, तर ते 6 युनिट जवळजवळ पूर्ण मिळतात, 14 मात्र पेनातच राहतात. नाश्त्यानंतरची शुगर त्यातल्या त्यात बरी येते, दुपारनंतर चढते. पुढे कार्ट्रिज संपत आलं की उलटा प्रकार होतो. उरलेलं दाट असतं, तोच 20 चा आकडा जास्त औषध देतो आणि शुगर अचानक उतरते. नव्या पेनाला शुगर जास्त आणि जुन्याला कमी, असं पुन्हापुन्हा दिसलं तर डोस बदलण्याआधी रुग्ण पेन कसं हलवतो ते पाहावं.

तळव्यांमध्ये आडवं धरून दहा वेळा फिरवायचं, मग दहा वेळा हळू वरखाली उलटं करायचं. आतला काचेचा मणी या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला पाहिजे. सगळं एकसारखं दुधाळ होईपर्यंत थांबायचं. जोरात झटकलं की फेस येतो आणि बुडबुडे डोस खातात. गुठळ्या राहिल्या किंवा काचेला पांढरे कण चिकटून राहिले, तर ते वापरू नये. काही पेनांच्या पत्रकात 12 युनिटपेक्षा कमी उरलं की नवं घ्या, असं लिहिलेलं असतं, कारण मण्याला फिरायला जागा उरत नाही.

वेळेचा घोळ वेगळाच आहे. दुधाळ दिसणारी दोन इन्सुलिनं एकाच घड्याळावर चालत नाहीत. जुन्या मानवी 30/70 मधलं साधं इन्सुलिन सहा-सहाच्या जुडग्यांत असतं. ती सुटायला वेळ लागतो, म्हणून सुई जेवणाच्या अर्धा तास आधी. अस्पार्ट किंवा लिसप्रो असलेल्या मिश्रणात रेणूत थोडा बदल केलेला असतो, जुडगी लवकर सुटतात आणि दहा-पंधरा मिनिटांत काम सुरू होतं. ते घ्यायचं तर पोळी तव्यावर असताना घ्यावं. पाहुणे अजून वाटेत असतील, तर सुई थांबू दे. ब्रँड बदलून दिला तर दुकानदाराला आधी विचारावं की आतलं इन्सुलिन तेच आहे का, आणि वेगळं निघालं तर घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.

सुईआधीच शुगर 70 च्या खाली असेल, तर आधी तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावं.