भरतीच्या वेळापत्रकावर बेतलेला आठवडा

कामाने पार थकून गेलेल्या माणसाला एकटं राहायला पाठवताना मी आधी पंचांग उघडते. किनाऱ्यावरच्या लोकांचा साधा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. तृतीयेला सव्वादोन, चतुर्थीला तीन. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी. म्हणजे पौर्णिमेनंतरच्या प्रतिपदेला सकाळची ओहोटी सातच्या सुमारास, आणि पुढे रोज पाऊण तास उशिरा. वेळ थोडी इकडे-तिकडे होते, ती गावातल्या माणसांना विचारून पक्की करायची.

माझी एक मैत्रीण पुण्यातल्या एका कंपनीत प्रकल्प सांभाळते. वर्षभर रात्री अकराला परदेशी ग्राहकांचे कॉल घेऊन तिची झोप गेली होती, आणि ज्या कामाचा अभिमान होता त्याचा तिला तिटकारा आला होता. तिच्यासाठी दापोली तालुक्यातलं आंजर्ले निवडलं. रविवारी दुपारी पोहोचायचं, शनिवारी सकाळी निघायचं. त्यामुळे शनिवार-रविवारची पर्यटकांची गर्दी टळते आणि ऑफिसआधी घरी एक मोकळा दिवस उरतो. रविवारी पौर्णिमा येईल असा आठवडा हिवाळ्यात मिळाला. फेब्रुवारी-मार्चमध्ये कासवाची पिल्लं बघायला लोक येतात, म्हणून ते महिने टाळले.

तिने मला स्वतःचा आराखडा पाठवला होता: पाचला ध्यान, सहाला योगासनं, मग वाचन, मग लेखन, असे दिवसाचे नऊ कप्पे. थकलेल्या माणसाचा पहिला आराखडा बहुधा असाच असतो, कारण स्वतःला कामाला जुंपायची सवय तो सुट्टीतही सोबत नेतो. वेळापत्रक आखून ते पाळण्याचीच ताकद संपलेली असते, तेव्हा तो आखण्याचा भार त्याच्यावर टाकू नये. मात्र दिवस अगदी मोकळा सोडला, तर माणूस खोलीत पडून राहतो आणि ऑफिसचेच विचार घोळवतो. म्हणून दिवसाला तीनच खुंट्या ठेवल्या: ओहोटीला किनाऱ्यावर चालणं, ठरल्या वेळी दुपारचं जेवण आणि संध्याकाळी वीस मिनिटं वही. ओहोटीची वेळ समुद्र ठरवतो, जेवणाची ती जिथे राहणार त्या घरच्या काकू. तिच्याकडे फक्त वही उरली.

सोमवारी सातला ओहोटी होती, पण पहिला पूर्ण दिवस झोपेसाठी सोडला होता. ती दहाला उठली आणि आमटी-भात खाऊन पुन्हा झोपली. मंगळवारी पावणेआठला ओल्या, घट्ट वाळूवर चालली. बुधवारी साडेआठ, गुरुवारी सव्वानऊ. शुक्रवारी ओहोटी दहावर गेली आणि ऊन चढायला लागलं, म्हणून त्या दिवशी सकाळी लवकर कड्यावरच्या गणपतीची चढण ठेवली. वरून जोग नदीची खाडी आणि सगळा किनारा एका नजरेत येतो.

एकटीने समुद्रात उतरायचं नाही, खाडीच्या मुखाकडे जायचं नाही आणि कुठे चाललो ते काकूंना सांगून निघायचं, ही अट होती. फोन काकूंच्या कपाटात राहायचा. संध्याकाळी घरी किंवा माझ्याशी दहा मिनिटं बोलण्यापुरता तो हातात यायचा.

कठीण दिवस ठरला बुधवारचा. झोप भरून निघाली की अंगात थोडी ताकद येते आणि लगेच "मग आता काय मिळवलं?" ही टोचणी सुरू होते. त्या संध्याकाळी तिने फोनवर विचारलं, रोज किती किलोमीटर चालायला हवं? हा प्रश्न आला की समजावं, सुट्टीचंही टार्गेट होऊ लागलं आहे. मी तिला घड्याळ काढून ठेवायला सांगितलं.

वहीत पहिले चार दिवस फक्त पाहिलेलं लिहायचं होतं: वाळूतल्या खेकड्यांच्या गोळ्या, जाळं ओढणारी माणसं, जेवणातली सोलकढी. कारणं शोधायची नाहीत, निर्णय घ्यायचे नाहीत. शुक्रवारी मात्र दोन याद्या: कामातलं काय अजूनही आवडतं, आणि कशाने जीव जातो. रात्रीचे कॉल दुसऱ्या यादीत सगळ्यात वर आले. नोकरी सोडायची की नाही, हे तिथे ठरवायचं नाही, असं आधीच ठरलं होतं. परतल्यावर काय बदलून मागायचं, एवढंच लिहायचं. तिने लिहिलं: आठवड्यातून दोनच रात्री कॉल.

हा आठवडा सगळ्यांसाठी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात बर्नआउट हा आजार म्हणून येत नाही, कामाच्या ठिकाणच्या न सुटलेल्या ताणाचा परिणाम म्हणून येतो. पण कशातच रस वाटत नसेल, किंवा जगणं नकोसं वाटत असेल, तर ती गोष्ट वेगळी. अशा माणसाला एकांतात पाठवू नये. आधी डॉक्टरांकडे न्यावं. आणि ताण कामातून येतो, म्हणून काम तसंच राहिलं तर सहा रात्रींची झोप फार दिवस पुरत नाही. सोमवारी ऑफिसात गेल्यावर मैत्रिणीने मेल उघडण्याआधी वरिष्ठांची वेळ मागितली आणि दोन रात्रींचा मुद्दा मांडला. आराखड्यातलं ते शेवटचं काम होतं.