तीन दुकानं, सहा आकडे

सांगली-मिरजेत आमची औषधांची भागीदारी पेढी आहे. मिरजेत हॉस्पिटलांच्या रांगेत एक मेडिकल, सांगलीत विश्रामबागच्या बाजूला घरगुती गिऱ्हाइकांचं दुसरं, आणि तासगाव, कवठेमहांकाळ, जतकडच्या मेडिकलना माल पुरवणारी होलसेलची शाखा. या ३१ मार्चला मी भागीदारीतून बाहेर पडलो. आता माझा पुतण्या आणि भागीदारांची मुलगी मिळून कारभार बघतात. जाताना दोघांच्या हातात एक दोन पानी पत्र ठेवलं. कोणत्या शाखेत कोणता आकडा बघायचा, एवढाच त्याचा विषय. ते इथे जरा सविस्तर मांडतो.

निवृत्त झालेल्याने नाक का खुपसावं, असं कुणी म्हणेल. त्याला कायद्याचंच उत्तर आहे. १९३२च्या भागीदारी कायद्याप्रमाणे निवृत्तीची जाहीर नोटीस निघेपर्यंत बाहेरच्या देणेकऱ्यांच्या दृष्टीने मी भागीदारच असतो. शिवाय हिशेब पुरता न चुकवता माझं भांडवल धंद्यातच वापरत राहिले, आणि करारात वेगळं काही ठरलेलं नसलं, तर त्या भांडवलावर मिळालेला नफा किंवा सालाना सहा टक्के व्याज, यातलं एक मला निवडता येतं. माझा पैसा अजून त्या फळ्यांवरच आहे, म्हणून पत्र.

दुकानातला संगणक मागाल तितके अहवाल काढून देतो. माझ्या उमेदवारीच्या काळात एकच आकडा होता, संध्याकाळचा गल्ला. दोन्हींची अडचण सारखीच आहे. गल्ला झालेली विक्री सांगतो आणि अहवालही तीच वेगवेगळ्या अंगांनी सांगतात. आमच्या तीन शाखा मात्र तीन वेगळ्या कारणांनी बसू शकतात, आणि ते कारण नफ्यात उतरेपर्यंत वर्ष निघून गेलेलं असतं. म्हणून प्रत्येक शाखेला मी दोनच आकडे दिले. एक त्या शाखेची दुखरी नस दाखवणारा, आणि दुसरा पहिल्यावर पहारा ठेवणारा.

मिरजेपासून सुरुवात करतो, कारण खरी गंमत तिथे आहे. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं आणि मिरज दवाखान्यांचं गाव झालं. आजही अथणी, विजापूर, बेळगावकडून पेशंट येतात. ओपीडी सुटली की नातेवाईक चिठ्ठी घेऊन काउंटरवर उभा राहतो. त्याचं अर्धं लक्ष एसटीच्या वेळेकडे असतं. चिठ्ठीवरची पाच औषधं एका ठिकाणी मिळाली तर तो थांबतो. एक नसलं तर चिठ्ठी परत मागतो आणि शेजारच्या दुकानात जातो, कारण त्याला दोन ठिकाणी उभं राहायचं नसतं. दुसऱ्या कंपनीचं तेच औषध देऊन वेळ मारून नेता येत नाही. शेड्यूल एचमधल्या औषधांसाठी चिठ्ठीवर लिहिलेल्या ब्रँडऐवजी दुसरं परस्पर देणं नियमाला धरून नाही.

आमचा काउंटरवरचा मुलगा अभिमानाने सांगायचा, “काका, शंभरातली पंच्याण्णव औषधं आपल्याकडे असतातच.” ऐकायला झकास. पण गिऱ्हाईक औषध घेऊन येत नाही, चिठ्ठी घेऊन येतं. चिठ्ठीवर पाच औषधं असतील आणि प्रत्येक मिळण्याची शक्यता शंभरात पंच्याण्णव असेल, तर पाचही मिळण्याची शक्यता काढायला ०.९५ ला पाच वेळा गुणावं लागतं. उत्तर येतं ०.७७. म्हणजे शंभर चिठ्ठ्यांपैकी तेवीस अपुऱ्या. पंच्याण्णवाचे अठ्ठ्याण्णव केले की पूर्ण चिठ्ठ्या नव्वदवर जातात. वरवर तीन टक्क्यांचा फरक, पण शंभरामागे तेरा घरची माणसं परत जायची थांबतात.

म्हणून मिरजेचा पहिला आकडा आहे शंभरातल्या पूर्ण चिठ्ठ्या. तो संगणकात सापडत नाही, कारण जे विकलंच नाही त्याचं बिल होत नाही. आठवड्यातून एक दिवस, ओपीडी सुटल्यानंतरचे दोन तास, काउंटरच्या टोकाला वही घेऊन बसायचं. प्रत्येक चिठ्ठीपुढे पूर्ण, अपुरी किंवा परत, यातली एक खूण करायची आणि नसलेल्या औषधाचं नाव व डॉक्टर लिहायचे. आकडा घसरला की बहुतेक वेळा सगळा माल कमी पडलेला नसतो. एखाद्या सर्जनने नव्या कंपनीचा ब्रँड लिहायला घेतलेला असतो आणि त्या कंपनीचा एमआर आपल्याकडे फिरकलेला नसतो. डॉक्टरवार पाहिलं की दोन मिनिटांत कळतं.

इथे लबाडीलाही जागा आहे. वहीत आकडा चांगला दिसावा म्हणून पोरं शेजारच्या मेडिकलमधून उसनी स्ट्रिप आणतात आणि ‘पूर्ण’ लिहितात. गिऱ्हाइकाच्या दृष्टीने ते ठीकच. पण उसनवारीची नोंद वाढत असेल तर आपली फळी रिकामी होत चालली आहे असं समजायचं.

आता पहारा. पूर्ण चिठ्ठ्या वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे जे जे मागितलं जाईल ते भरून ठेवणं. मग डॉक्टर ब्रँड बदलतात, कुणी दवाखाना हलवतात, आणि आपल्याकडे मेलेला माल उरतो. सरकारने कमाल किंमत बांधून दिलेल्या औषधांत किरकोळ विक्रेत्याचा नफा सोळा टक्के धरलेला असतो. कर बाजूला ठेवला तर शंभरला घेतलेली स्ट्रिप एकशे सोळाला जाते. अशी एक स्ट्रिप मुदत संपून फेकावी लागली की तिची किंमत भरून काढायला दुसऱ्या सहा-सात विकाव्या लागतात, आणि त्यात भाडं-पगार धरलेला नाही. कंपन्या एक्सपायरीचा माल परत घेतात, पण सगळा नाही आणि लगेचही नाही. म्हणून मिरजेचा दुसरा आकडा म्हणजे नव्वद दिवसांत एकदाही न हललेला माल, खरेदीच्या रुपयांत. पूर्ण चिठ्ठ्या आणि हा आकडा दोन्ही वर जात असतील तर आपण फक्त पैसे ओतून कौतुक विकत घेतोय.

विश्रामबागेत चिठ्ठीवरची सगळी औषधं नसली तरी फारसं बिघडत नाही. “संध्याकाळी आणून ठेवतो” म्हटलं की आजोबा मान डोलावतात. तिथला धंदा बीपी, शुगर, थायरॉइडच्या महिन्याच्या गोळ्यांवर चालतो. तीस गोळ्या नेणारा माणूस तिसाव्या दिवसाच्या आसपास यायला हवा. त्यात आठवडाभराची सूट धरायची आणि तरीही न आलेल्यांची यादी महिन्याला काढायची. किती आले नाहीत, हा पहिला आकडा. त्यातला कुणी पुण्याला मुलाकडे गेलेला असतो, कुणाची गोळी बदललेली असते, कुणी जनऔषधी केंद्रातून घ्यायला लागलेला असतो, आणि एखादा गेलेलाही असतो. म्हणून फोन करताना आधी तब्येत विचारायची, गोळ्यांचं नंतर. एकदा यादीतली निम्मी नावं एकाच अपार्टमेंटमधली निघाली. तिथे एका नव्या दुकानाचा मुलगा घरपोच देऊ लागला होता. गल्ल्यात तोवर काहीच दिसलं नव्हतं, कारण त्या महिन्यात गावभर ताप होता आणि विक्री जोरात होती. यादी काउंटरबाहेर मात्र जाऊ द्यायची नाही. कुणाला काय आजार आहे, हे त्यात लिहिलेलं असतं.

पहाऱ्याचा आकडा इथे दिलेली सूट. गिऱ्हाईक टिकवायचा उतावळा उपाय म्हणजे दहा टक्के सूट. एकशे सोळावर दहा टक्के म्हणजे साडेअकरा रुपये गेले, सोळातले साडेचार उरले. त्या साडेचारात फार्मासिस्टचा पगार बसत नाही.

होलसेलकडे आलो की चित्र उलटं होतं. तिथे माल खपवणं सोपं, पैसे आणणं अवघड. सगळे बघतात तो आकडा म्हणजे सरासरी किती दिवसांची उधारी बाहेर आहे. हा आकडा फसवतो, आणि कसा ते पत्रात मी उदाहरण घालून लिहिलं. समजा गेल्या वर्षी महिन्याची विक्री दहा लाख होती आणि येणं पंधरा लाख, म्हणजे पंचेचाळीस दिवसांचं. यंदा विक्री पंधरा लाख आणि येणं अठरा लाख, म्हणजे छत्तीस दिवसांचं. वसुली सुधारली म्हणून पेढे वाटायचे? ते अठरा लाख बिलांच्या तारखांप्रमाणे उलगडले तर नव्वद दिवसांवरची रक्कम गेल्या वर्षीच्या एक लाखावरून चार लाखांवर गेलेली. नव्या पार्ट्या लवकर पैसे देत होत्या, म्हणून सरासरी उतरली. जुन्या तीन दुकानांत पैसा रुतत चालला होता. होलसेलमध्ये ढोबळ नफा शंभराला आठ धरला तर बुडालेला एक लाख भरून काढायला साडेबारा लाखांची विक्री लागते.

म्हणून इथे पहिला आकडा नव्वद दिवसांवरची उधारी, पार्टीच्या नावासकट, रुपयांत. सरासरी अजिबात नको. वसुलीचे पैसे कोणत्या बिलात जमा केले, हेही बघायचं. पार्टीने पन्नास हजार ‘खात्यावर’ दिले की क्लार्क ते सवयीने सगळ्यात जुन्या बिलांत घालतो. जुनं बिल कागदावरून पुसलं जातं आणि त्यावरचा वाद तसाच राहतो. कधी एक्सपायरी परतीची क्रेडिट नोट लावून बिल मिटवलेलं असतं. तिथे पैसा आलेलाच नसतो.

दुसरा आकडा या महिन्यात ऑर्डर दिलेल्या पार्ट्यांचा. उधारी शून्यावर आणायला कुणालाच माल न देणं पुरेसं आहे, म्हणून हा पहारा. पण त्याचा दुसरा उपयोग मोठा आहे. थकबाकीदार दुकानदार आपल्याशी भांडत नाही, तो गुपचूप दुसऱ्या स्टॉकिस्टकडून रोखीने माल घेऊ लागतो. आठवड्याला ऑर्डर देणारा पंधरवड्यावर गेला, मग फक्त दुसरीकडे न मिळणारी चार औषधं मागू लागला, की बाकी नव्वद दिवसांची व्हायच्या आतच स्कूटर काढून त्याच्या दुकानात जाऊन बसावं. त्याच्या फळीवर आपण न दिलेला, पण आपल्याकडेही असलेला माल दिसला की आणखी विचारायची गरज उरत नाही.

एकूण विक्री आणि निव्वळ नफा पत्रात मुद्दाम घातला नाही. तो सीए वर्षाअखेरीला सांगतीलच. हे सहा आकडेही कायमचे नाहीत. मिरजेसमोरचं एखादं मोठं हॉस्पिटल स्वतःचं मेडिकल काढेल त्या दिवशी पूर्ण चिठ्ठ्यांचा आकडा बिनकामाचा होईल आणि दुसरा शोधावा लागेल.

पत्राच्या शेवटी मोजायचं कुणी, ते लिहिलं आहे. शाखेच्या मॅनेजरने स्वतःच्या शाखेचा आकडा काढायचा नाही. मिरजेची वही पुतण्याने आणि मुलीने आलटून पालटून धरायची, आणि वार ठरलेला असला तरी तो काउंटरवरच्या कुणालाही सांगायचा नाही.