माणूस असा का वागतो? लेखांक ७ : उंच नवराच का हवा?

ब्रह्मपुरीकडे स्थळाच्या बायोडाट्यात शिक्षण, नोकरी, शेती यांच्या जोडीला उंचीची ओळ हमखास असते. मुलगी मुलापेक्षा दोन बोटं उंच निघाली, की "जोडा शोभणार नाही" म्हणून बोलणी तिथंच थांबतात. ही आवड आली कुठून?

उत्क्रांतीवाल्यांचं म्हणणं असं : उंच, दणकट पुरुष भांडणात सरस ठरायचा. शिवाय चांगली उंची म्हणजे लहानपणी खाणंपिणं नीट मिळाल्याची, मोठे आजार न झाल्याची खूण. अशा जोडीदाराची मुलं जास्त जगली आणि त्यांच्याबरोबर ही आवडही पुढे आली. ऐकायला पटतं, पण तपासायचं कसं?

पुराव्याचं पहिलं कोडं गणिताचं आहे. भारतात पुरुषांची सरासरी उंची सुमारे १६५ सेंटिमीटर, बायकांची १५२. तालुक्यातल्या शंभर पुरुषांच्या आणि शंभर बायकांच्या नावाच्या चिठ्ठ्या टाकून डोळे मिटून जोड्या लावल्या, तरी नव्वदहून अधिक जोड्यांत नवराच उंच निघेल. त्यामुळे "आमच्या गावात सगळे नवरे उंच" एवढ्यानं आवड सिद्ध होत नाही. चिठ्ठ्यांच्या हिशेबापेक्षा प्रत्यक्षातला आकडा किती वर जातो, तेच पाहायचं.

ब्रिटनमधल्या बारा हजारांहून अधिक जोडप्यांवरचा अभ्यास २०१३ साली आला. तिथं ९२.५ टक्के जोड्यांत पुरुष उंच होता, चिठ्ठ्यांनी ८९.८ टक्के झाले असते. आवड खरी आहे, पण लग्नात उतरते ती एवढीशीच. पसंती विचारली की माणसं उंचीवर भर देतात. जोडीदार निवडताना मात्र स्वभाव, पैसा, घराणं, ओळखपाळख हेही आड येतं.

त्याहून बोलका पुरावा टांझानियातल्या हाडझांचा. शिकार आणि कंदमुळांवर जगणारे हे लोक. २००९ साली तिथली २०७ जोडपी मोजली, तेव्हा ८.२ टक्के जोड्यांत बायको उंच होती. चिठ्ठ्या टाकूनही साधारण तेवढंच येतं. ही आवड माणसाच्या रक्तातच असती, तर शिकारी जीवन जगणाऱ्यांत ती ठळक दिसायला हवी होती.

संततीचे आकडेही एका दिशेला जात नाहीत. पोलंडच्या अभ्यासात उंच पुरुषांना मुलं जास्त. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये मध्यम उंचीच्या पुरुषांना. माझ्या मते पुरावा इतपतच धरतो : उंचीकडे ओढ अनेक समाजांत आहे, पण तिचं मूळ निसर्गात किती आणि रीतीत किती, हे सुटलेलं नाही. आपल्याकडे तर निवड बहुतेकदा घरची मोठी माणसं करतात. म्हणून इथल्या जोड्या मोजल्या, तरी त्यांतून मुलीची आवड कळणार नाही. सासरच्या-माहेरच्यांच्या अटीच कळतील. त्या वेगळ्या काढायच्या तर स्वतः जमवलेली लग्नं आणि ठरवून झालेली लग्नं वेगवेगळी मोजावी लागतील, आणि दोन्ही आकडे चिठ्ठ्यांच्या हिशेबाशी ताडून पाहावे लागतील.